मुदतीनंतर काय उघडते

नोकरी सांभाळून ऑनलाइन अभ्यासक्रम करणाऱ्यांना मी बरीच वर्षे शिकवते आहे. दर सत्रात साधारण एकाच साच्याचे मेल येतात: ‘ऑफिसच्या कामासाठी बाहेरगावी जावे लागत आहे, कृपया असाइनमेंटची मुदत वाढवून द्यावी.’ कारण खरे असते, भाषा नम्र असते, तरीही अशा मेलवर मला लगेच ‘हो’ म्हणता येत नाही. कोणती असाइनमेंट, किती तासांची वाढ, तोवर काय करून होईल, यातले काहीच त्यात नसते. मग माझे प्रश्न जातात, त्यांची उत्तरे विमानतळावरून येतात आणि तेवढ्यात मुदत टळून गेलेली असते.

शिक्षक ‘हो’ की ‘नाही’ हे कशावरून ठरवतात, ते विद्यार्थ्यांना सहसा दिसत नाही. प्रवासाचे कारण पटले की नाही, हा त्यातला लहान भाग. मोठा भाग असा की, ती वेळ उलटल्यावर अभ्यासक्रमात पुढे काय उघडणार आहे. रविवारी रात्री मुदत संपते आणि मंगळवारी शिक्षक सोडवलेली उत्तरे सगळ्यांना दाखवतात. मंगळवारपर्यंत एखाद्याला वाढ दिली तर कुणाचेच बिघडत नाही. बुधवारपर्यंत दिली, तर त्या विद्यार्थ्याच्या हातात उत्तरपत्रिका असते आणि शिक्षकाला त्याच्यासाठी वेगळे प्रश्न काढावे लागतात. एकमेकांचे काम तपासण्याचा प्रकार असेल, तर अडचण आणखी मोठी. मुदत संपताच कुणाचे काम कुणाकडे जाणार याची वाटणी होते. मूडलवर ‘वर्कशॉप’ नावाची सोय याच पद्धतीने चालते: आधी सगळ्यांचे काम जमा होते, मग वाटणी, मग परस्पर तपासणी. वाटणी झाल्यावर आलेल्या कामाला तपासनीसच उरत नाही आणि त्या विद्यार्थ्याने तपासायची ती दोन-तीन कामेही लटकतात. तिथे एकाची सवलत तिघांच्या गुणांना भिडते.

म्हणून मेल लिहिण्याआधी अभ्यासक्रमाचे वेळापत्रक उघडून आपल्या मुदतीच्या पुढच्या तीन-चार दिवसांत काय आहे ते पाहावे. उत्तरे कधी जाहीर होणार? पुढच्या थेट वर्गात याच असाइनमेंटवर चर्चा आहे का? आपले काम सहाध्यायी तपासणार आहेत का? की हा शेवटचा आठवडा आहे आणि गुण लगेच विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडे जायचे आहेत? या उत्तरांवरून कळते की मागायला जागा किती आहे, आणि त्या जागेच्या आत बसणारी मागणी क्वचितच नाकारली जाते.

काही ठिकाणी मात्र मागायला जागाच नसते. आयआयटी आणि आयआयएस्सी यांच्या एनपीटीईएलचे अभ्यासक्रम हे आपल्याकडचे सर्वांत ओळखीचे उदाहरण. एकेका विषयाला हजारो विद्यार्थी असतात, असाइनमेंट दर आठवड्याला असते आणि मुदत टळली की उत्तरे सगळ्यांसाठी खुली होतात. एकट्यादुकट्यासाठी मुदत वाढवणे त्या रचनेत बसत नाही. पण प्रवास, आजारपण, लग्नकार्य यांची सोय गुणांच्या हिशेबातच करून ठेवलेली आहे: बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमात बारापैकी सर्वोत्तम आठच असाइनमेंट धरतात, आठ आठवड्यांच्या अभ्यासक्रमात आठपैकी सहा. असाइनमेंटना २५ गुण आणि केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेला ७५. प्रमाणपत्रासाठी २५ पैकी किमान १० आणि ७५ पैकी किमान ३० लागतात. तिथे दहा दिवसांच्या दौऱ्यासाठी मेल लिहीत बसण्यापेक्षा दोन असाइनमेंट सोडून दिलेल्या बऱ्या. जपायचा तो परीक्षेचा दिवस. त्या दिवशी तुम्ही परगावी असलात तर सर्वोत्तम आठ असाइनमेंट काही कामाच्या नाहीत. कोर्सेरावरच्या स्वतःच्या गतीने करायच्या बहुतेक अभ्यासक्रमांत उलटी स्थिती आहे. तिथल्या तारखा तुम्हाला वेळेवर ठेवण्यासाठी असतात, त्या चुकल्या तर विद्यार्थी स्वतःच त्या पुढे आखून घेऊ शकतो. तिथेही कुणाला विनंती करायची नसते.

विनंतीचा खरा प्रश्न येतो तो मधल्या प्रकारात: विद्यापीठाचा किंवा संस्थेचा अभ्यासक्रम, चाळीस-पन्नास विद्यार्थी, ठरलेल्या तारखा आणि प्रत्यक्ष ओळखणारा शिक्षक. असे एक उदाहरण तपशिलात पाहू. व्यक्ती मी कल्पिलेली आहे, पण तिची अडचण मी दर सत्रात पाहते.

चाकणच्या एका कारखान्यात काम करणारी अभियंता. विश्लेषणाचा आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम, मूडलवर चालणारा, ६ ऑक्टोबर २०२५ रोजी सुरू झालेला. भाऊबीजेनंतर ऑफिसात गेल्यावर तिला कळते की डेट्रॉइटला यंत्र बसवून चालू करून द्यायला जायचे आहे: मंगळवारी, ४ नोव्हेंबरला रात्री निघायचे आणि शुक्रवारी १४ ला परत यायचे. या काळात पाचवा आठवडा येतो. सोमवारी ३ तारखेला त्याचे व्हिडिओ उघडणार, गुरुवारी ६ तारखेला रात्री आठला थेट वर्ग, रविवारी ९ तारखेला रात्री ११:५९ ला क्विझ आणि असाइनमेंट दोन्हींची मुदत. मंगळवारी ११ ला रात्री आठला उत्तरे जाहीर. बुधवारी १२ ला प्रकल्पाचा आराखडा जमा करायचा आणि शनिवारपर्यंत तीन सहाध्यायांचे आराखडे तपासायचे.

तिच्या मनात पहिल्यांदा येणारी मागणी ठरलेली आहे: ‘परत आल्यावर, म्हणजे १६ तारखेला देते.’ ही मागणी वाईट आहे. १६ ला उत्तरे जाहीर होऊन पाच दिवस झालेले असतील, त्याच रात्री सहाव्या आठवड्याची मुदत असेल आणि ती दोन्ही असाइनमेंट थकलेल्या अंगाने एका शनिवार-रविवारी करत बसेल. दहा दिवसांच्या दौऱ्याला आठवड्याची वाढ लागते असे वाटते, पण दौऱ्याचे दिवस आणि अभ्यासाला न मिळणारे तास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोजायचे असतात ते तास.

ते मोजायला आधी घड्याळ लावून घ्यावे लागते. अमेरिकेत २ नोव्हेंबरला घड्याळे एक तास मागे गेली, म्हणून ९ तारखेला डेट्रॉइट भारताच्या साडेदहा तास मागे असते. १ तारखेपर्यंत हेच अंतर साडेनऊ तासांचे होते. भारतातली रविवार रात्रीची ११:५९ म्हणजे तिथली रविवार दुपारची १:२९. पश्चिमेला जाणाऱ्याला आपल्याला वेळ जास्त मिळाला असे वाटते, पण तिथल्या घड्याळाने त्याची मुदत भर दुपारीच संपते. जपानला जाणाऱ्याचे उलटे होते, त्याच्यासाठी तीच मुदत सोमवारी पहाटे ३:२९ ला येते. मूडल प्रत्येकाला त्याच्या प्रोफाइलमध्ये लिहिलेल्या कालविभागानुसार वेळ दाखवते. दौऱ्यावर प्रोफाइल बदलली तर पडद्यावरची वेळ बदलते, पण शिक्षकांच्या मेलमध्ये किंवा वेळापत्रकाच्या पीडीएफमध्ये छापलेली वेळ भारतीयच राहते. दोन ठिकाणी दोन वेळा दिसल्या की गोंधळ होतो, म्हणून मागणी नेहमी शिक्षकांच्या वेळेत करावी आणि तसे शब्दात लिहावे.

आता तिचे तास पाहू. डेट्रॉइटच्या कारखान्यातली उत्पादनाची लाइन शनिवार-रविवारी बंद असते, म्हणून यंत्र बसवण्याचे काम बहुधा त्याच दोन दिवसांत उरकतात. एरवी अभ्यासाला मिळणारे शनिवार-रविवार या दौऱ्यात सर्वांत भरलेले आहेत. गुरुवारचा थेट वर्ग तिथल्या सकाळी साडेनऊला येतो, तेव्हा ती कामाच्या जागी असेल. पण सोमवारची संध्याकाळ हॉटेलमध्ये मोकळी आहे. तिथल्या सोमवारी रात्री १:३० पर्यंत तिने काम केले तर भारतात मंगळवारचे दुपारचे बारा वाजलेले असतात, आणि उत्तरे जाहीर व्हायला अजून आठ तास असतात. तिला सात दिवसांची नव्हे, ३६ तासांची वाढ पुरते.

शिवाय दुसरी एक मागणी आहे जी फार थोड्यांना सुचते: मुदत मागे ढकलण्याऐवजी दार आधी उघडून मागणे. पाचव्या आठवड्याचे व्हिडिओ आणि क्विझ तिला शनिवारी १ तारखेला मिळाले, तर निघण्याआधीचे घरचे दोन दिवस हाताशी येतात. क्विझ तिथेच उरकते, असाइनमेंटचा पहिला भागही होतो. राहतो तो गुरुवारच्या वर्गावर आधारलेला दुसरा भाग. शिक्षकाच्या बाजूने ही मागणी सोपी असते, कारण तिने कुणाच्याही आधी उत्तर पाहिलेले नसते. मूडलमध्ये एकाच विद्यार्थ्यासाठी सुरुवातीची, मुदतीची आणि अखेरची तारीख बदलण्याची सोय आहे, असाइनमेंटला वेगळी आणि क्विझला वेगळी. एकच धोका क्विझचा: तिने प्रश्न आधी पाहिले म्हणजे ते इतरांना सांगता येतात. मी अशा वेळी क्विझ आधी देत नाही, फक्त व्हिडिओ आणि असाइनमेंट देते. दुसरे शिक्षक देतीलही. विचारून पाहावे, पण उत्तर ‘नाही’ आले तर वाईट वाटून घेऊ नये.

आराखड्यासाठी तिने काहीच मागू नये. त्याचा विषय तिला आठवडाभर आधीपासून माहीत आहे, तो निघण्याआधी लिहून ठेवता येतो, बुधवारी नुसता चढवायचा. जिथे इतरांचे काम आपल्यावर अवलंबून आहे तिथे वेळ पाळायची आणि जिथे नाही तिथेच सवलत मागायची, हे शिक्षकाच्या नजरेतून सुटत नाही.

मेल शुक्रवारी २४ ऑक्टोबरला, दौरा पक्का झाला त्याच दिवशी जायला हवा. तिकीट हातात येईपर्यंत थांबू नये. तारखा एखाद्या दिवसाने हलतील असे लिहिता येते. विषयाच्या ओळीत अभ्यासक्रमाचे नाव, आठवडा आणि नोंदणी क्रमांक असावा, कारण शिक्षकाला तो मेल दोन आठवड्यांनी पुन्हा शोधायचा असतो. आत असे काहीसे:

‘आदरणीय सर, कंपनीच्या कामासाठी मी ४ ते १४ नोव्हेंबर अमेरिकेत आहे. ८ आणि ९ तारखेला दोन्ही दिवस पूर्ण वेळ काम आहे आणि गुरुवारच्या वर्गाला मी हजर राहू शकणार नाही. त्याचे रेकॉर्डिंग पाहीन. पाचव्या आठवड्याच्या असाइनमेंटसाठी मंगळवार, ११ नोव्हेंबर, दुपारी १२ (भारतीय वेळ) पर्यंत मुदत मिळावी अशी विनंती आहे. उत्तरे त्याच रात्री आठला जाहीर होणार आहेत, त्यांच्या आधीच माझे काम जमा होईल. शक्य असल्यास त्या आठवड्याचे व्हिडिओ आणि असाइनमेंट शनिवारी १ नोव्हेंबरला मला उघडून द्यावेत, म्हणजे पहिला भाग निघण्याआधी पूर्ण करीन. क्विझ, प्रकल्पाचा आराखडा आणि परस्पर तपासणी ठरलेल्या वेळेतच करीन. व्यवस्थापकांचे पत्र हवे असल्यास पाठवते.’

या मेलला एका ओळीत उत्तर देता येते. शिक्षकाला वेळापत्रक उघडावे लागत नाही, कारण उत्तरे कधी जाहीर होणार हे मेलमध्येच आहे. ती स्वतः काय आणि कधी करणार आहे हेही आहे. कारण एका वाक्यात संपते. कंपनीत माणसे कमी आहेत, साहेब ऐकत नाहीत, हा सगळा वृत्तान्त त्यात नाही आणि तो नसलेलाच बरा.

पुराव्याबद्दल एक काळजी घ्यावी. अनेक विद्यार्थी न मागता विमानाचे अख्खे तिकीट, व्हिसा, कधी पासपोर्टचीही प्रत जोडतात. पीएनआर आणि आडनाव मिळाले की बऱ्याच विमान कंपन्यांच्या साइटवर कुणालाही ते आरक्षण उघडता येते. व्यवस्थापकांनी कंपनीच्या मेलवरून तारखा कळवणारे दोन ओळींचे पत्र दिले तर पुरे आहे. ग्राहक कंपनीचे नाव त्यात नसावे, बहुतेक करारांत ते बाहेर सांगायची मुभा नसते. तिकीटच मागितले तर पीएनआर झाकून पाठवावे.

कधीकधी मागणी न करणेच फायद्याचे असते, आणि तो हिशेब दोन मिनिटांचा आहे. समजा, ही असाइनमेंट एकूण शंभरांपैकी १२ गुणांची आहे आणि उशिराच्या प्रत्येक दिवसाला, अर्धवट दिवस पूर्ण धरून, दहा टक्के कपात आहे. ३६ तास म्हणजे दोन दिवस, म्हणजे १२ चे वीस टक्के: २.४ गुण. शिक्षकांनी नाही म्हटले तरी नुकसान इतकेच. त्यासाठी दौऱ्याच्या रात्री जागून घाईत अर्धे काम देणे महागात पडते, कारण अपुऱ्या दुसऱ्या भागाचे गुण यापेक्षा जास्त जातील. मात्र हा हिशेब कपातीचा नियम असेल तेव्हाच लागतो. काही अभ्यासक्रमांत मुदतीनंतर काम घेतच नाहीत. मूडलमध्ये मुदतीची तारीख आणि अखेरची तारीख अशा दोन वेगळ्या असू शकतात: पहिलीनंतर काम ‘उशिरा’ म्हणून घेतले जाते, दुसरीनंतर घेतलेच जात नाही. आपल्या असाइनमेंटला यातली कोणती आहे ते आधी पाहून घ्यावे.

मुदत मिळाली की लोक निश्चिंत होतात, आणि बहुतेक अडचणी त्याच्या पुढे येतात. शिक्षकांनी मेलवर ‘चालेल’ लिहिले, पण प्रणालीत तारीख बदलायची राहिली, असे वारंवार होते. शिक्षकालाही शंभर व्याप असतात. मूडलमध्ये वाढ खरोखर दिली गेली असेल तर असाइनमेंटच्या पानावर Extension due date अशी वेगळी ओळ किंवा मुदतीचीच बदललेली तारीख दिसते. यातले एक दिसेपर्यंत वाढ मिळाली असे समजू नये. दोन दिवसांत दिसले नाही तर त्याच मेलला उत्तर देऊन आठवण करावी. कॅनव्हास वापरणाऱ्या संस्थांत हे आणखी महत्त्वाचे, कारण तिथे उशिराची कपात प्रणाली आपोआप करू शकते. तारीख बदललेली नसेल तर शिक्षकांनी तोंडी दिलेल्या सवलतीची तिला खबर नसते.

निघण्याआधीची तयारी परक्या ठिकाणाहून काम जमा होण्यासाठी करायची असते. पोर्टलच्या लॉगिनला ओटीपी भारतीय मोबाइलवर येत असेल तर त्या सिमवर रोमिंग चालू असायला हवे. निदान एसएमएस यायला हवेत. कंपनीच्या लॅपटॉपवर शैक्षणिक साइट किंवा फाइल चढवणे बंद केलेले असू शकते. चीनला जाणाऱ्यांना गूगल ड्राइव्ह, यूट्यूब आणि गूगल मीट साध्या इंटरनेटवर उघडत नाहीत, म्हणून तिथे लागणारे व्हिडिओ आणि डेटाच्या फाइली आधीच उतरवून घ्याव्या लागतात. आणि फाइल चढवल्यावर पडद्यावरचा शब्द वाचावा. मूडलच्या अनेक असाइनमेंटमध्ये फाइल चढवून झाल्यावर सादर करण्याचे बटण वेगळे दाबावे लागते. ते राहिले तर स्थिती Draft (not submitted) अशीच राहते, Submitted for grading होत नाही. रात्री दीडला हॉटेलच्या खोलीत हे चुकणे फार सोपे आहे. सादर झाल्याच्या पडद्याचा फोटो काढून ठेवावा.

राहिला शेवटचा प्रसंग: दौराच लांबला. यंत्र चालू करताना हे नेहमीचे आहे, एखादा सुटा भाग येत नाही आणि आठवडा वाढतो. दुसरी वाढ मागताना पहिली मुदत संपण्याची वाट पाहू नये. जेवढे झाले आहे तेवढे पहिल्या वाढीव मुदतीच्या आत जमा करावे आणि मेलमध्ये काय राहिले ते स्पष्ट लिहावे: ‘पहिला भाग आणि दुसऱ्यातले पहिले तीन प्रश्न जमा केले आहेत. उरलेले दोन प्रश्न गुरुवारी संध्याकाळपर्यंत देऊ शकेन, नाहीतर जमा केलेलेच तपासावे.’ मंगळवारी रात्री उत्तरे जाहीर होणार असतील तर ते दोन प्रश्न आता मिळणार नाहीत, आणि ते मागूही नयेत. जमा केलेले मात्र मिळतात. एकदा सादर केलेले काम बदलायचे असेल तर मूडलमध्ये अनेकदा शिक्षकांना ते पुन्हा मसुद्याच्या स्थितीत आणावे लागते, म्हणून तसे हवे असल्यास मेलमध्येच सांगावे. आणि तीन-चार आठवडे बाहेर काढावे लागतील असे दिसले, तर असाइनमेंटमागून असाइनमेंटची मुदत मागत राहण्याऐवजी थेट विचारावे: हा अभ्यासक्रम अपूर्ण ठेवून पुढच्या तुकडीत पूर्ण करता येईल का, भरलेली फी तिकडे वळती होईल का, आणि ती विनंती कोणत्या तारखेच्या आत करावी लागते. या प्रश्नाचे उत्तर शिक्षकांकडे नसते, ते संस्थेच्या कार्यालयाकडे असते, आणि नाव मागे घेण्याची अखेरची तारीख बहुधा अभ्यासक्रमाच्या मध्याआधीच येऊन जाते.